फोटो लॅबमधून काढायचे की घरच्या प्रिंटरवर? बारशाच्या अल्बमचा एक हिशेब

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मुलाच्या बारशाचे सगळे फोटो चाळून त्यातले दोनशे चाळीस निवडले आणि मला फोन केला. "दादा, लॅबवाला एका फोटोचे बारा रुपये सांगतोय. त्यापेक्षा प्रिंटरच घेऊन टाकू का? एका व्हिडिओत तो माणूस म्हणतो, घरी अडीच रुपयांत फोटो पडतो."

मी म्हटलं, "अगं, अडीच रुपयांत पडतो हे खरंय. पुढच्या दिवाळीला तो कसा दिसतो, तेवढं त्याने दाखवलं नसेल."

हे मी पोळलेल्या तोंडाने बोलत होतो. काही वर्षांपूर्वी मी चार रंगांचा, बाटलीतून शाई भरायचा टँक प्रिंटर घेतला, मूळ शाई संपल्यावर तपकीर गल्लीत मिळाली ती स्वस्त 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्याच कंपनीची शाई भरली, दोनशे रुपयांत शंभर कागदांचं चकचकीत पाकीट आणलं आणि चाळीसेक फोटो छापून हॉलमधल्या बोर्डावर टाचण्यांनी लावले. फेब्रुवारीत लावले होते. मे महिन्यात सगळ्या नातेवाइकांना कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली, मग ते भगवे झाले. बोर्डावरून फोटो काढले तेव्हा गंमत कळली. जिथे एका फोटोचा कोपरा दुसऱ्याखाली गेला होता, तिथे रंग जसाच्या तसा होता, अगदी रेघ ओढल्यासारखा. टाचणीच्या टोपीखालीही निळा ठिपका शाबूत. मी उन्हाला दोष देऊन मोकळा झालो असतो, पण त्यातलेच दोन फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. तिथे ऊन सोडाच, उजेडही नाही. तेही भगवे झाले होते. अल्बमच्या प्लॅस्टिकच्या खिशात ठेवलेले मात्र चांगले राहिले.

या एका बोर्डावरून जे समजलं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

पायरी १: फोटो कशाने उडतो ते समजून घ्या

फोटोचा रंग दोन गोष्टींनी उडतो, उजेडाने आणि हवेने. उजेडाचं सगळ्यांना माहीत असतं. हवेचं कुणी सांगत नाही. हवेतला ओझोन वायू शाईतल्या रंगाचे रेणू तोडतो, आणि त्यात सगळ्यात आधी बळी पडतो तो निळसर रंग, म्हणजे सायन. सायन गेला की उरतात मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, आणि पिवळा, आणि दोघे मिळून भगवा दिसतो. माझ्या कपाटातल्या फोटोंचं हेच झालं. शहरात वाहनांच्या धुरावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, त्यामुळे पुण्यातला मार्च ते मे हा काळ उघड्या फोटोंना वाईट.

हे काही फक्त स्वस्त शाईचं दुखणं नाही. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांवर कंपनीच्याच ग्लॉसी कागदावर काढलेले फोटो काही लोकांच्या घरी काही आठवड्यांत भगवे पडायला लागले होते. तेव्हाही कारण हेच निघालं. त्यानंतर कंपन्यांच्या मूळ शाया बऱ्याच सुधारल्या. कंपॅटिबल शाईच्या बाटलीत काय सुधारलंय, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

कागदाचाही यात हात असतो. आज मिळणारे 'इन्स्टंट ड्राय' ग्लॉसी कागद सच्छिद्र असतात. वरच्या थरात इतकी बारीक छिद्रं असतात की शाई लगेच आत जाते आणि हाताला लागत नाही. पण ज्या छिद्रांतून शाई जाते, त्यांतून हवाही जाते. म्हणून त्याच शाईचा तोच फोटो काचेमागे किंवा अल्बमच्या खिशात टिकतो आणि बोर्डावर टिकत नाही.

लॅबच्या रासायनिक फोटोत रंग जिलेटिनच्या थरात बंद असतो. हवा तिथवर सहज पोचत नाही, त्यामुळे ओझोनची त्याला फारशी भीती नसते. त्याचं दुखणं वेगळं आहे, ते पावसाळ्यात निघतं. जिलेटिन दमट हवेत चिकट होतं. फ्रेमच्या काचेला थेट टेकवलेला लॅबचा फोटो जुलै-ऑगस्टमध्ये काचेला असा चिकटतो, की काढताना कुणाचं तरी नाक काचेवर राहतं. बंद कपाटातल्या अल्बमला बुरशी लागते तीही याच थरावर.

पायरी २: फोटो कुठे राहणार ते ठरवा

बहिणीला मी पहिला प्रश्न हाच विचारला. तिचं उत्तर होतं, दोनशे चाळीस अल्बममध्ये आणि पाच मोठे भिंतीवर. तिचा हॉल पश्चिमेकडचा आहे, संध्याकाळी समोरच्या भिंतीवर तासभर तरी ऊन येतं.

या तासाभराची किंमत काढून बघू. फोटोंच्या टिकाऊपणाचे जे 'इतकी वर्षं' असे आकडे पाकिटावर छापलेले असतात, त्यांतले पुष्कळ अमेरिकेतल्या विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या संस्थेच्या चाचण्यांतून येतात. तिथे धरलेलं गृहीतक असं, की फोटो रोज १२ तास ४५० लक्स उजेडात असतो, लक्स हे उजेड मोजायचं माप. म्हणजे दिवसाला ५,४०० लक्स-तास. आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली याहून कमीच उजेड असतो, त्यामुळे सावलीतल्या भिंतीवर आकडा खरा ठरायला हरकत नाही. पण उघडं ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. खिडकीच्या काचेतून, तिरपं येऊन ते अर्धं झालं असं धरलं तरी ५०,००० लक्स. त्याचा एक तास म्हणजे चाचणीचे नऊ दिवस. वर्षभर रोज तासभर ऊन खाल्लेला फोटो चाचणीच्या हिशेबाने नऊ वर्षं म्हातारा होतो. लॅबचा असो की घरचा, त्या भिंतीवर कुणाचीच धडगत नाही. बहिणीला मी फ्रेम लावायची भिंतच बदलायला सांगितली. या सल्ल्याचा खर्च शून्य होता आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

पायरी ३: लॅबमध्ये विचारून घ्या

'लॅबचा फोटो टिकतो' हे वाक्य रासायनिक फोटोबद्दल खरं आहे. त्यात प्रकाशसंवेदी कागदावर लेझरने चित्र उमटवतात आणि मग तो कागद रसायनांतून काढतात. पण काउंटरवरून जे मिळतं ते दर वेळी असं असतंच असं नाही. आजकाल बऱ्याच लॅबमध्ये 'ड्राय लॅब' असतो, म्हणजे घरच्यासारखाच शाई फवारणारा, पण मोठा, वेगवान इंकजेट. पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत देणाऱ्या दुकानांत तर बहुधा इंकजेट किंवा उष्णतेने रंग चढवणारं छोटं यंत्र असतं. इंकजेट आहे म्हणून वाईट असं नाही, व्यावसायिक ड्राय लॅबची शाई आणि कागद चांगले असतात. पण घरच्यासारखीच वस्तू घ्यायला तुम्ही लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा शोधत फिरताय का, हे आधी माहीत असलेलं बरं.

सरळ विचारा, "प्रिंट केमिकलवर आहे की इंकजेट?" उत्तर गोलमोल आलं तर एकच फोटो काढून घ्या आणि घरी भिंगातून पाहा. गालाचा उजळ भाग किंवा आकाश बघायचं. तिथे बारीक रंगीत ठिपके दिसले तर इंकजेट. रासायनिक फोटोत ठिपका नसतो, रंग धुक्यासारखा सलग उतरत जातो. मागची बाजूही बघा. रासायनिक कागदाच्या पाठीवर बहुतेकदा कागदाचं नाव फिकट छापलेलं असतं, उदाहरणार्थ फुजीचा 'क्रिस्टल आर्काइव्ह'.

दुसरी एकच गोष्ट सांगायची: "ऑटो करेक्शन बंद ठेवा." नाहीतर यंत्र प्रत्येक चेहरा आपल्या मनाने उजळवतं. आणि मोबाईलचा फोटो ४:३ मापाचा असतो, ४×६ इंची कागद ३:२ मापाचा. वरखाली मिळून नववा हिस्सा कापला जातो. पाळण्यावर वाकलेल्या आत्याचं डोकं उडायला तेवढं पुरतं, म्हणून कापाकापी घरीच करून फाइल द्या, आणि व्हॉट्सॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पायरी ४: प्रिंटर बघताना शाई आणि कागद जोडीने बघा

घरगुती टँक प्रिंटर दोन तऱ्हांचे. चार रंगांचे कागदपत्रांसाठी, सहा रंगांचे फोटोंसाठी. सहामध्ये बहुधा फिका सायन आणि फिका मॅजेंटा जास्तीचे असतात, त्यामुळे कातडीचा रंग दाणेदार दिसत नाही. चार रंगांच्या काही प्रिंटरांत काळी शाई फक्त अक्षरांसाठी असते. फोटो कागदावर ती वापरलीच जात नाही, काळा बाकीच्या तिघांतून बनतो आणि केस तपकिरी दिसतात. फोटोसाठी घेत असाल तर सहाच रंगांचा घ्या.

या दोन्ही तऱ्हांतली रंगीत शाई बहुधा 'डाय' असते, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. 'पिगमेंट' शाईत रंगाचे न विरघळलेले कण असतात. ती उजेड आणि हवा दोन्ही जास्त सोसते, काही बाबतींत लॅबच्या फोटोपेक्षाही. पण फोटोसाठीच्या पिगमेंट प्रिंटरांच्या किमती टँक प्रिंटरच्या अनेक पट आहेत आणि ते हौशी फोटोग्राफरचं खेळणं आहे, बारशाच्या अल्बमचं नाही.

कागदाची परीक्षा दुकानातच करता येते. नमुन्याचा कोपरा फाडून पाहा. 'आरसी' कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो फाटताना ताणला जातो. 'कास्ट कोटेड' कागद पुठ्ठ्यासारखा टरकन फाटतो, त्याची पाठ साधी, खरखरीत असते. माझं दोनशेचं पाकीट हे दुसरं होतं. शाळेच्या प्रकल्पाला ते उत्तम, ठेवायच्या फोटोला नाही.

पायरी ५: आता हिशेब

खालचे भाव बहिणीने या वेळी जमवलेले आहेत. ते दुकानागणिक बदलतात, तुमचे आकडे टाकून पुन्हा करा. पद्धत तीच राहील.

व्हिडिओतले अडीच रुपये असे येतात: कास्ट कोटेड कागद २ रुपये, कंपॅटिबल शाई पन्नास पैशांच्या आत. यात प्रिंटर नाही, वाया गेलेला कागद नाही आणि मे महिना नाही.

टिकणाऱ्या सामानाने करून बघू. सहा रंगांचा प्रिंटर २०,००० रुपये. मूळ शाईची ७० मिलीची बाटली ६०० रुपये, म्हणजे मिलीला साडेआठ रुपये. एका ४×६ ला साधारण ०.३ मिली शाई लागते, तिचे अडीच रुपये. आरसी कागद शंभरचे ६००, म्हणजे ६ रुपये. झाले साडेआठ. बारा फोटोंमागे एक तरी वाया जातो, कधी रेघा पडतात, कधी कागद उलटा घातला जातो. ते धरून सव्वानऊ. शिवाय प्रिंटर स्वतःचं तोंड धुवायला जी शाई पितो, तिचे फोटोमागे पाऊण रुपया धरू. एकूण १० रुपये.

लॅबचे १२. म्हणजे घरी फोटोमागे वाचले २ रुपये. प्रिंटरचे २०,००० वसूल व्हायला १०,००० फोटो काढावे लागतील. बहीण वर्षाला दोनशे चाळीस काढते असं धरलं, तर बारशाचा मुलगा चाळिशी ओलांडेल.

"मग प्रिंटर घेऊच नको?" तिने विचारलं. मी म्हटलं, थांब, मोठ्या फोटोचं बघू.

८×१२ मध्ये ४×६ चे बरोबर चार तुकडे बसतात. घरी त्याच्या जागी ए४ धरा, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. शाई चौपट, म्हणजे दहा-साडेदहा रुपये. ए४ आरसी कागद वीस नगांचे ५०० रुपये, म्हणजे एकाचे २५. वाया जाणं आणि सफाई धरून ४० रुपये. लॅबने ८×१२ चे १०० सांगितले होते. इथे फोटोमागे ६० रुपये वाचतात, आणि प्रिंटर ३३३ फोटोंत वसूल होतो. दर आठवड्याला दोन-तीन मोठे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याला तो दोन-तीन वर्षांत फुकट पडेल.

म्हणजे लोक समजतात त्याच्या उलट आहे. लहान फोटोत लॅब इतकी स्वस्त आहे, की तिच्याशी स्पर्धा करायची तर शाई आणि कागद उतरवावे लागतात, आणि तिथेच फोटो भगवा होतो. मोठ्या फोटोत मात्र चांगलं सामान वापरूनही घर जिंकतं, बशर्ते मोठे फोटो तुम्ही खरंच काढत असाल.

०.३ मिली हा माझा आकडा आहे. तुमचा काढायचा असेल तर स्वयंपाकघरातला काटा पुरे. सगळ्या टाक्या वरच्या खुणेपर्यंत भरा आणि बाटल्यांची वजनं लिहून ठेवा. पन्नास फोटो काढा, परत त्याच खुणेपर्यंत भरा, बाटल्यांचं पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम कमी झाले तितके मिली शाई गेली असं ढोबळ धरायला हरकत नाही. त्याला पन्नासने भागा. मधे एकदाही `Head Cleaning`, म्हणजे तोंडाची सफाई, दिलं नाही ना, ते बघा, नाहीतर आकडा फुगतो.

सफाईबद्दल अजून थोडं, कारण पुण्यात हा खर्च ऋतूप्रमाणे बदलतो. मार्च ते मे कोरड्या हवेत न वापरलेल्या प्रिंटरची बारीक छिद्रं सुकतात. महिनाभर गावाला जाऊन आलात की फोटोवर पांढऱ्या आडव्या रेघा येतात. मग माणूस एकामागून एक सफाई देत सुटतो, आणि ती सगळी शाई आतल्या स्पंजच्या गादीत जाते. गादी भरली की प्रिंटर चालायचं नाकारतो आणि ती बदलून घ्यावी लागते. आठवड्यातून एकदा साध्या कागदावर `Nozzle Check`, म्हणजे छिद्रं तपासायचा रेघांचा नमुना, काढायची सवय लावा. त्याला जवळपास शाई लागत नाही. रेघ तुटकी दिसली तरच सफाई द्या, आणि दोनदा देऊन सुटलं नाही तर रात्रभर सोडून सकाळी पुन्हा बघा.

पायरी ६: पैसे घालण्याआधी खिडकीची परीक्षा

प्रिंटर घेणार असाल तर दुकानदाराकडून किंवा मित्राकडून तुमच्या मनातल्या शाईचा आणि कागदाचा एक नमुना छापून घ्या. त्यात एक चेहरा हवा आणि एक सपाट राखाडी पट्टा हवा. तोच फोटो लॅबमधूनही काढा. दोन्हींचे तीन-तीन उभे तुकडे करा, प्रत्येकात राखाडीचा भाग येईल असे. एक तुकडा खिडकीच्या काचेला आतून, तोंड बाहेर करून, चारी कडांनी टेप लावून चिकटवा. दुसरा कपाटाच्या दाराला आतून, उघडा. तिसरा जाड पुस्तकात. पाठीवर तारीख लिहा. पावसाळ्यात ही परीक्षा नीट होत नाही, ऊन नसतं आणि हवा धुतलेली असते. फेब्रुवारीत सुरू करा, सहा आठवडे थांबा.

मग तिन्ही तुकडे दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवा आणि चेहऱ्याकडे नाही, राखाडीकडे बघा. चेहऱ्याला आपलं मन सांभाळून घेतं, राखाडीला घेत नाही. राखाडी लालसर झाला तर सायन गेला. हिरवट झाला तर मॅजेंटा, निळसर झाला तर पिवळा. नुसता फिका झाला तर तिघेही सारखे गेले. कपाटातला तुकडा पुस्तकातल्यापेक्षा लाल दिसत असेल तर ती शाई हवा सोसत नाही, तिचे फोटो फक्त काचेमागे किंवा खिशात ठेवायचे. खिडकीतला गेला आणि कपाटातला टिकला, तर दोष उजेडाचा, भिंत बदलून भागेल. दोन्ही गेले तर ती जोडी सोडून द्या.

बहिणीने काय केलं

दोनशे चाळीस फोटो लॅबमधून केमिकलवर काढले, २,८८० रुपये. पाच मोठेही तिथूनच, ५००. एकूण ३,३८०. प्रिंटर घेतला नाही. अल्बम घेताना मी एकच खोडा घातला. चिकट पानांवर फोटो ठेवून वरून प्लॅस्टिक ओढायचा अल्बम तिला आवडला होता, तो परत ठेवायला लावला. त्याचा गोंद वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाही. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या खिशांचा घेतला. पीव्हीसीचा खिसा नको, त्याचा नव्या रेनकोटसारखा वास येतो, वासावरून ओळखता येतो.

फ्रेमवाल्याला सांगून पाचही फोटोंभोवती जाड पुठ्ठ्याचं माउंट घालून घेतलं, म्हणजे काच फोटोला टेकत नाही. फ्रेम पूर्वेच्या खोलीतल्या आतल्या भिंतीवर गेल्या. पश्चिमेच्या त्या उन्हाच्या भिंतीवर तिने आता घड्याळ लावलंय.

आजीला मात्र थांबवत नव्हतं. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी तिला पणतूचा फोटो हातात हवा होता. तो मी माझ्या प्रिंटरवर काढून दिला, मूळ शाई आणि आरसी कागद, एक दिवस उघडा सुकवला आणि मग खिशात घातला. तो तिच्या पोथीत आहे.